दादा गेला, हे तिला आधी घरच्यांनी सांगा

माझा भाचा नऊ वर्षांचा होता. डेंग्यूने दवाखान्यात पहाटे गेला. त्याची सहा वर्षांची बहीण घरी आजीजवळ झोपली होती. कागदपत्रं होऊन त्याला घरी आणेपर्यंत दुपार झाली, पण तिला कोणी काही सांगितलं नाही. ‘लहान आहे, तिला काय कळतंय,’ असं म्हणून मोठ्यांनी तिला शेजारी पाठवलं. तिथे कुणी म्हणालं, दादा देवाघरी शांत झोपलाय. मग खेळता खेळता एका मुलाने सांगून टाकलं, ‘तुझा दादा मेला.’ पुढे कित्येक रात्री ती डोळे मिटायला घाबरायची. मी तिची आत्या. एकदा तिने मला हळूच विचारलं, ‘मी त्याचे रंग लपवले म्हणून तो गेला का?’

म्हणून सांगते, घरात माणसं जमायच्या आधी मुलाला सांगा. शक्यतो आईने किंवा बाबांनी. ते बोलू शकत नसतील तर मूल रोज ज्याच्या अंगाखांद्यावर असतं त्याने. शांत खोलीत जवळ घ्या आणि म्हणा, ‘फार वाईट गोष्ट सांगायची आहे. दादाला डेंग्यू झाला होता. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण त्याचं शरीर बंद पडलं. दादा मेला. आता तो श्वास घेत नाही, त्याला दुखत नाही, भूक लागत नाही. तो परत येणार नाही.’ ‘मेला’ म्हणताना जीभ अडखळते, तरी तोच शब्द वापरा. ‘झोपला’, ‘गावाला गेला’ हे लहान मूल जसंच्या तसं खरं मानतं. देवाघरी गेला असं म्हणायचं असेल तर मरण म्हणजे काय ते सांगून झाल्यावर म्हणा.

मुलाने विचारलं नाही तरी एक वाक्य आपणहून सांगा: ‘तू काही केलंस, बोललास किंवा मनात आणलंस म्हणून हे झालेलं नाही.’ या वयात भांडणाचा आणि मरणाचा संबंध मूल सहज जोडतं. ‘मी पण मरणार का?’ असं विचारलं तर डेंग्यू झालेले बहुतेक जण बरे होतात, हे खरं उत्तर द्या. ऐकून मूल पाच मिनिटांत खेळायला पळेल, तासाभराने पुन्हा तेच विचारेल. त्याला दुःख नाही असं समजू नका आणि उत्तर बदलू नका. तुम्हाला रडू आलं तर लपवू नका, का रडताय ते सांगा.

अंत्यदर्शनाला यायचं का, हे मुलाला विचारा. जबरदस्ती नको, मनाईही नको. आधी सांगून ठेवा की दादा हलणार नाही, हात लावला तर गार लागेल, नाकात कापूस असेल, मोठी माणसं जोरात रडतील. मुलासोबत असा एक जण ठेवा जो त्याने म्हटल्याबरोबर त्याला बाहेर नेईल. वर्गशिक्षिकेला त्याच दिवशी फोन करा आणि मुलाला नेमकं काय सांगितलंय तेही कळवा, म्हणजे शाळेत त्याच्या कानावर दुसरंच काही पडणार नाही.