वयोगटानुसार द्विमार्गी सारणी : संख्या आणि ओळ टक्केवारी

भाषिक सर्वेक्षणाच्या प्रकल्पात प्रश्नावल्या भरून झाल्या, की उत्तरांची नुसती बेरीज पुरेशी ठरत नाही. कोणते उत्तर कोणत्या वयाच्या व्यक्तींनी दिले, हे पाहावे लागते. त्यासाठी वयोगट आणि उत्तर यांची एकत्र मांडणी करतात. तिला द्विमार्गी सारणी म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. १९५६ च्या कायद्याने भारतात दशमान मापे स्वीकारली गेली आणि पायली, शेर, मापटे, चिपटे ही धान्याची मापे अधिकृत व्यवहारातून मागे पडली. एका गावातील १५० व्यक्तींना आपण विचारले, असे समजा : “‘चिपटे’ हा शब्द आपण बोलण्यात वापरता का?” पुढील सारणीतील आकडे केवळ सरावासाठी कल्पिलेले आहेत.

| वयोगट (पूर्ण वर्षे) | वापरतात | माहीत आहे, वापरत नाहीत | माहीत नाही | एकूण |
|---|---|---|---|---|
| १८–३५ | १६ (२०.०%) | २८ (३५.०%) | ३६ (४५.०%) | ८० (१००%) |
| ३६–५५ | २० (४०.०%) | २२ (४४.०%) | ८ (१६.०%) | ५० (१००%) |
| ५६ व अधिक | १४ (७०.०%) | ५ (२५.०%) | १ (५.०%) | २० (१००%) |
| एकूण | ५० (३३.३%) | ५५ (३६.७%) | ४५ (३०.०%) | १५० (१००%) |

सारणी तयार करणे

प्रश्नावलीत वयोगटावर खूण करून घेण्याऐवजी पूर्ण झालेले वय लिहून घ्यावे. गट नंतर पाडता येतात. गटांच्या सीमा एकमेकींत मिसळू देऊ नयेत. ‘१८–३५’ आणि ‘३५–५५’ असे गट केले, तर पस्तीस वर्षांची व्यक्ती कोठे मोजावी, हा प्रश्न उरतो. त्यानंतर प्रत्येक प्रश्नावलीसाठी योग्य चौकटीत एक रेघ ओढावी. रेघा मोजून आडव्या आणि उभ्या बेरजा घ्याव्यात. दोन्हींचे अंतिम उत्तर १५० हेच आले पाहिजे. ते न आल्यास एखादी प्रश्नावली दोनदा मोजली गेली आहे किंवा सुटली आहे, असे समजावे. वय किंवा उत्तर कोरे असलेल्या प्रश्नावल्या सारणीत घेऊ नयेत, परंतु त्यांची संख्या सारणीखाली नोंदवावी.

ओळ टक्केवारी का?

केवळ संख्या पाहिल्या, तर हा शब्द वापरणारे तरुण १६ आणि वृद्ध १४ दिसतात. तरुणांमध्ये शब्द अधिक रुळलेला आहे, असा निष्कर्ष कोणी यावरून काढील. मात्र तरुण ८० होते आणि वृद्ध केवळ २०. म्हणून प्रत्येक चौकटीतील संख्येला त्याच ओळीच्या बेरजेने भागून १०० ने गुणावे. १६ भागिले ८० म्हणजे २० टक्के. १४ भागिले २० म्हणजे ७० टक्के. चित्र पूर्णपणे उलटते.

१६ ला स्तंभाच्या बेरजेने, म्हणजे ५० ने भागल्यास ३२ टक्के येतात. हा आकडा चुकीचा नाही. तो निराळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. ‘शब्द वापरणाऱ्यांपैकी किती जण तरुण आहेत?’ हा तो प्रश्न. आपला प्रश्न ‘तरुणांपैकी किती जण शब्द वापरतात?’ असा आहे. वयोगट आडव्या ओळींत असल्याने प्रत्येक ओळीची बेरीज १०० टक्के यावी. विधान लिहिताना ‘-पैकी’ या शब्दयोगी अव्ययाआधी कोणता गट येतो, ते पाहिले की भाजक ठरतो.

‘एकूण’ ओळीतील ३३.३ टक्के हा वरील तीन टक्केवाऱ्यांची सरासरी काढून मिळणारा आकडा नव्हे. ती सरासरी ४३.३ येते. गट लहानमोठे असल्याने ५० भागिले १५० असेच करावे लागते.

निष्कर्षाची मर्यादा

टक्केवारीशेजारी संख्या ठेवण्याचे कारण शेवटच्या ओळीत दिसते. तेथे एक व्यक्ती म्हणजे पाच टक्के. दोघांनी निराळे उत्तर दिले असते, तर ७० चे ६० झाले असते. त्यामुळे या गटाविषयीचे विधान जपून करावे.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. वयानुसार वापर वाढत जातो, एवढेच ही सारणी सांगते. ‘चिपटे’ हा शब्द लोप पावत आहे, असे ती सिद्ध करीत नाही. आजचे तरुण पुढे शेती व घर सांभाळू लागल्यावर तो वापरू लागतील, ही शक्यता एकाच वेळी केलेल्या पाहणीतून नाकारता येत नाही. मात्र ‘माहीत नाही’ या स्तंभात तरुणांचे ४५ टक्के आहेत. शब्दच ठाऊक नसणे ही त्याच्या ऱ्हासाची अधिक सबळ खूण होय. म्हणून ‘माहीत आहे, वापरत नाहीत’ आणि ‘माहीत नाही’ ही उत्तरे ‘नाही’ या एकाच स्तंभात मिसळू नयेत.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ३६–५५ वयोगटातील २० या संख्येची ओळ टक्केवारी व स्तंभ टक्केवारी काढा.
२. त्या दोन्ही टक्केवाऱ्यांवर आधारित प्रत्येकी एक विधान ‘-पैकी’ वापरून लिहा.