दुसरी नोकरी घेतली? मग हा मेल आजच टाका

मित्रांनो, बल्लारपूरची ऑफर स्वीकारली, पण सोमवारी घुग्घुसला दुसरी मुलाखत ठरलेली आहे. गप्प बसू नका. उद्या धंदा टाकला तर माल विकायला त्याच कंपनीच्या दारात जावं लागेल! नवीन मेल नको, मुलाखतीच्या मेललाच रिप्लाय करा, म्हणजे त्यांना शोधाशोध नाही.

"नमस्कार मॅडम, स्टोअर असिस्टंट पदासाठी सोमवारी माझी मुलाखत आहे. मी दुसरी नोकरी स्वीकारल्यामुळे अर्ज मागे घेत आहे. आपण वेळ दिलात, आभारी आहे."

खाली नाव, मोबाईल नंबर. बस्स. नवा पगार लिहू नका, घासाघीस वाटते. आणि हो, नव्या कंपनीचं लेखी पत्र हातात आल्यावरच पाठवा. फोनवरच्या 'या तुम्ही' वर नाही.