घास बंद होतो तेव्हा

सासूबाईंचा पित्ताशयाचा कॅन्सर यकृतात पसरला होता. परळच्या टाटा रुग्णालयातले उपचार थांबले आणि आम्ही त्यांना वसईला घरी आणलं. शेवटच्या आठवड्यात त्या जवळजवळ दिवसभर झोपून असायच्या, पेजेचा घोटही नको म्हणायच्या. "आईला उपाशी मारायचं का?" म्हणत नणंदेनं चमच्यानं पेज भरवली. जोराचा ठसका लागला, छाती भरली आणि रात्रभर खोकला थांबेना.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नणंदेला शेजारी बसवून समजावलं: अन्न थांबलं म्हणून माणूस जात नाही, शरीर थांबत आलं म्हणून अन्न नकोसं होतं. गिळण्याची ताकद गेली की घास श्वासनलिकेत जातो. सलाईनही अशा वेळी अनेकदा अंगाला सूज आणि छातीत पाणी वाढवतं. भूक-तहान फारशी उरत नाही, तोंड मात्र कोरडं पडतं. म्हणून ओल्या कापसानं ओठ-जीभ पुसा, ओठांना तूप लावा. गंगाजलही चमच्यानं घशात न ओतता बोटानं ओठांना लावा.

पुढच्या खुणाही त्यांनी आधीच सांगितल्या. लघवी कमी आणि गडद होते. हातपाय गार पडतात, गुडघ्या-तळव्यांवर जांभळट डाग दिसतात. श्वास काही सेकंद थांबतो, पुन्हा सुरू होतो. शेवटी तो जबडा हलवत घेतला जातो. सगळ्या खुणा प्रत्येकात दिसत नाहीत, आणि नेमकी वेळ कोणीच सांगू शकत नाही.

घरच्यांना सगळ्यात घाबरवते ती घशातली घरघर. लाळ गिळता येत नाही, त्यातून श्वास जातो म्हणून तो आवाज येतो. रुग्ण बहुधा गुंगीत असतो, त्याला त्याचा त्रास जाणवत नसावा. आम्ही त्यांना कुशीवर वळवलं, उशी थोडी उंच केली, तेव्हा आवाज कमी झाला. नाही झाला तर लाळ कमी करणारं इंजेक्शन असतं. एकदम तळमळ वाढली तर लघवी तुंबली आहे का, आधी पाहावं. गोळी गिळवत नाही म्हणून मॉर्फिन परस्पर बंद करू नये. दुसऱ्या मार्गानं कसं द्यायचं, ते डॉक्टरांना विचारावं.

भरवायला न मिळाल्यानं नणंद हवालदिल झाली होती. तोंड पुसण्याचं काम तिच्याकडे दिलं, तशी ती सावरली. जवळच्या प्रत्येकाला असं एक काम द्या. रुग्णाला ऐकू येत असावं असं धरून बोला. खाटेपाशी वाद नकोत.

रात्री-अपरात्री कोणते डॉक्टर घरी येतील आणि मृत्यूचा दाखला देतील, हे रुग्णाची शुद्ध हरपण्याआधीच ठरवून त्यांचा नंबर भिंतीवर लावा. रुग्णाला शेवट घरीच हवा असेल, तर तेही सगळ्या नातेवाइकांना तेव्हाच सांगा. नाहीतर श्वास अडखळताच कुणीतरी घाबरून ॲम्ब्युलन्स बोलावतो, आणि जे नको होतं तेच घडतं.