पथनाट्याची संहिता : ध्वनिक्षेपकावाचून शेवटच्या माणसापर्यंत

रंगमंच, पडदा आणि ध्वनिक्षेपक यांपैकी काहीही हाती नसताना चावडीपुढे किंवा बाजारात करावयाचे नाटक म्हणजे पथनाट्य. पुष्कळदा एखाद्या योजनेचे परिपत्रक संवादात घालून त्याची संहिता तयार केली जाते. प्रयोगाच्या वेळी पुढच्या दोन ओळींना ती ऐकू येते, मागे उभ्या असलेल्यांना केवळ हातवारे दिसतात आणि थोड्याच वेळात मागचे रिंगण विरळ होते. दोष नटांच्या आवाजाला दिला जातो. वास्तविक तो संहितेचा असतो. उघड्यावरच्या नाटकाचा मुख्य आशय डोळ्यांना दिसेल असा योजावा लागतो आणि शब्दांनी त्याला फक्त नाव द्यावयाचे असते. ही गोष्ट पिण्याच्या पाण्याच्या एका उदाहरणावरून पाहता येईल.

विषय नव्हे, प्रश्न

‘शुद्ध पाणी’ हा विषय झाला. त्यातून नाटक होत नाही. नाटकाला एका वाक्यात विचारता येईल असा प्रश्न लागतो. समजा, एका गावात टाकीत नियमितपणे टीसीएल पावडर टाकली जाते, तरीही शेवटच्या आळीत जुलाबाचे रुग्ण निघतात. लोक पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला दोष देतात. तो शपथेवर सांगतो की, पावडर टाकली आहे. खरे कोण बोलतो? हा प्रश्न गावाला स्वतःचा वाटतो आणि त्याचे उत्तर ओटी चाचणीने सर्वांसमक्ष देता येते. पाण्याच्या नमुन्यात ओटीचे थेंब टाकताच पिवळा रंग आला, तर पाण्यात क्लोरिन शिल्लक आहे. रंग आला नाही, तर नाही.

या उदाहरणात टाकीजवळचा नमुना पिवळा होतो, शेवटच्या नळाचा होत नाही. म्हणजे कर्मचारी खरा आहे आणि बायाबापड्यांची तक्रारही खरी आहे. क्लोरिन वाटेतच खर्ची पडत आहे. गटारालगत फुटलेल्या जलवाहिनीत, पाणी सुटण्याची वेळ संपून दाब उतरला की, बाहेरची घाण आत ओढली जाते. पुढच्या पाळीला तीच घाण क्लोरिन खाऊन टाकते. नाटकाचा आशय एवढाच : माणूस धरू नका, गळती शोधा.

देहाची जलवाहिनी

हा आशय मागच्या रांगेला दिसावा कसा? दिल्लीच्या जन नाट्य मंचाने १९७८ मध्ये केलेल्या ‘मशीन’ या छोट्या नाटकात नटांनी आपल्या देहांचेच यंत्र उभे केले होते. नेपथ्य नसल्याने काहीच अडले नाही. येथेही तोच मार्ग घेता येतो. सहा नट एका रांगेत उभे राहतात. पहिला टाकी, शेवटची बायजाबाई, मधले चौघे नळ. टाकी पिवळे फडके पुढे देते. ते डोक्याच्या वर धरून हातोहात सरकते. चौथ्या नटाजवळ काळे घोंगडे पांघरलेला सातवा नट, म्हणजे गटार, बसलेला असतो. तो फडके ओढून घोंगड्यात दडवितो. पुढच्या दोघांचे रिकामे हात मात्र तसेच हलत राहतात आणि बायजाबाईच्या ओंजळीत काहीच पडत नाही. हे दृश्य एकही शब्द न ऐकणाऱ्याला कळते.

मग त्याला शब्दांची जोड द्यावी :

बायजाबाई : टाकीवर पिवळं. माझ्या नळाला नाही.
समूह : मग पिवळं गेलं कुठं?
कर्मचारी : मावशी, पावडर मी टाकली. समद्यांनी पाहिली.
समूह : मग पिवळं गेलं कुठं?

संवादातील प्रत्येक वाक्य एका दमात संपते आणि महत्त्वाचा शब्द शेवटाकडे येतो. समूहाचे पालुपद सर्वांनी मिळून, नेहमीपेक्षा सावकाश म्हणावयाचे असते; घाईने म्हटल्यास अनेक आवाजांचा केवळ गलका होतो. ते ठरावीक अंतराने परत येत असल्याने उशिरा आलेल्यालाही प्रश्न सापडतो. हलगी वाजत असताना कोणी बोलू नये. हलगी थांबली की क्षणभर शांतता पसरते आणि त्या शांततेतले वाक्य सर्वांत दूर जाते. म्हणून ‘हलगी बंद’, ‘थांबा’ या सूचना संहितेतच लिहून ठेवाव्यात.

पहिली दोन-तीन मिनिटे लोक जमण्यातच जातात. त्या वेळात हलगी, दवंडी आणि हंड्यांवरून होणारे लुटुपुटीचे भांडण असावे; कळीची माहिती नसावी. एकूण प्रयोग पंधरा-वीस मिनिटांत आटोपावा.

जागा आणि तालीम

पाठीशी शाळेची किंवा चावडीची भिंत घेऊन पुढे अर्धवर्तुळ ठेवल्यास आवाज भिंतीवरून पुढे परततो. मोकळ्या मैदानात चहूबाजूंनी रिंगण झाले, तर नटाची पाठ नेहमीच कोणाकडे तरी राहते. तेथे प्रत्येक महत्त्वाचे वाक्य दिशा बदलून दोनदा म्हणण्याची तरतूद संहितेत हवी. वारा नटांकडून प्रेक्षकांकडे वाहत असावा. पिठाची गिरणी चालू असताना किंवा देवळात आरतीचा कर्णा लागलेला असताना प्रयोग ठेवू नये.

तालमीत एकाने शेवटच्या रांगेच्या जागी, नटांकडे पाठ करून उभे राहावे आणि ऐकू आलेले शब्द लिहून काढावेत. जे वाक्य कागदावर उतरले नाही, ते ओरडून म्हणण्याऐवजी तोडून लहान करावे. दुसऱ्या वेळी त्यानेच कानांवर हात ठेवून केवळ पाहावे. गोष्ट कळली नाही, तर दृश्य बदलावे लागेल.

शेवट आणि मर्यादा

नाटकाच्या अखेरीस गटार उठून पळते आणि नट तेथेच थांबतात. त्यानंतर प्रशिक्षित जलसुरक्षकाने टाकीजवळच्या आणि शेवटच्या नळाच्या पाण्याची खरी चाचणी सर्वांसमक्ष करावी. अर्थात, हे पाणी सुटण्याच्या वेळीच शक्य आहे; प्रयोगाची वेळ त्यावरूनच ठरवावी. ओटीचे द्रावण विषारी असल्याने ते मुलांच्या हाती देऊ नये आणि तपासलेला नमुना फेकून द्यावा. रंग थेंब टाकताच पाहावा. तसेच, पिवळा रंग केवळ क्लोरिन असल्याचे सांगतो. पाण्यातील फ्लोराइड वा नायट्रेट त्याने कळत नाही, हेही एका वाक्यात सांगून टाकावे.

दोन्ही नमुने पिवळे निघाले, तर नाटक खोटे पडले असे मानण्याचे कारण नाही. त्या दिवशी त्या नळापर्यंत क्लोरिन पोहोचले, एवढे गावाला कळले. शेवटचा नमुना बिनरंगी निघाला, तर मात्र तो नळ, तारीख आणि वेळ यांची नोंद तेथेच व्हावी आणि गळती शोधण्याचे काम कोणी, केव्हापर्यंत करावयाचे, हे उपस्थित सदस्यांनी लोकांपुढे सांगावे. हे आधी ठरलेले नसेल, तर प्रयोग पुढे ढकललेला बरा. कारण प्रश्न विचारून उत्तर न देणाऱ्या नाटकानंतर लोक पुन्हा कर्मचाऱ्याकडेच बोट दाखवितात.

प्रयोग यशस्वी झाला की नाही, हे टाळ्यांवरून कळत नाही. पांगणाऱ्या गर्दीतील मागच्या तिघांना एवढेच विचारावे : ‘पिवळं कुठं गेलं?’ तिघांनीही गटाराकडे हात केला, तर संहिता शेवटच्या माणसापर्यंत पोहोचली.