भरताचा पंचवीसपट हिशोब

चंपाषष्ठीनंतर आमच्या मुक्ताईनगरकडे शेतावर भरताच्या पंगती बसू लागतात. शंभर माणसांचं भरीत करायचं म्हटलं की घरातलं चार माणसांचं प्रमाण पंचवीसने गुणायचं, असं आम्हीही धरलं होतं. घरी एक किलो वांग्याला ६० ग्रॅम मिरची, १०० ग्रॅम तेल, १० ग्रॅम मीठ. म्हणून २५ किलो वांग्यांना दीड किलो मिरची, अडीच किलो तेल, पाव किलो मीठ. भरीत झालं ते तेलात तरंगणारं, खारट आणि पोरांना हातही लावू न देणारं.

बिघडलं होतं ते वजनच. घरी गॅसवर भाजलेल्या एक किलो वांग्याचा साधारण ६५० ग्रॅम गर निघतो. शेतात कपाशीच्या काड्यांचा जाळ मोठा असतो, वरून सोललेली वांगी परातीत पाणी सोडत पडून राहतात. २५ किलोंचा गर आमच्याकडे १४ किलोच भरला. जळगावच्या ज्या हिरव्या, मोठ्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेही कमी-जास्त जाळाला गर कमी-जास्तच देणार. म्हणून आता मीठ-मिरचीचा हिशोब आम्ही गर तोलल्यावरच मांडतो.

तेलाचं कारण वेगळं. लहान कढईत बरंच तेल तळाला आणि कडांना चिकटतं. भरीत पंचवीसपट झालं तरी पातेल्याचा तळ पंचवीसपट होत नाही, त्यामुळे किलोमागे कमी तेल पुरतं. दीड किलो भरपूर झालं. मिरची घरच्या हिशोबाच्या दोन-तृतीयांश घ्या, म्हणजे एक किलो. पंगत उठेपर्यंत भरीत तास-दीड तास पातेल्यात मुरतं, तिखट तेलातून सगळीकडे पसरतं, आणि मिरचीचं प्रत्येक पोतं वेगळं. कमी वाटलं तर ठेचा ताटात वाढता येतो. शिवाय दोन-तीन किलो भाजलेला गर बिनमिठाचा बाजूला ठेवावा. खारट झालेल्या भरतावर बटाटा टाकण्याचा सल्ला देणारे भेटतील; मीठ पातळ करायचं तर गरच लागतो.

मग भाच्याने प्रश्न टाकला, एका ताटात प्रथिनं किती? तो व्यायामशाळेत जातो. त्याच्या शेजारी बसलेल्या मामांना मधुमेह, त्यांना कर्बोदकांचा आकडा हवा होता. असा हिशोब भरतासाठी करणं मला आधी फाजीलपणा वाटला, पण तो सोपा निघाला. भाजताना मुख्यतः पाणी जातं, उष्मांक नव्हे. म्हणून पोषणाचे आकडे कच्च्या मालावरून घ्यायचे आणि भागाकार मात्र शिजलेल्या वजनाने करायचा. रिकामं पातेलं आधी तोलून ठेवलं नाही, तर हे शेवटचं वजन कधीच मिळत नाही.

आमच्या १४ किलो गरात तेल, मिरची, एक किलो शेंगदाणे, दोन किलो कांद्याची पात, लसूण, कोथिंबीर आणि २२० ग्रॅम मीठ मिळून भरीत २० किलो उतरलं. देठ-साल वजा जाता सुमारे २२ किलो वांग्यांचे उष्मांक साडेपाच हजार, शेंगदाण्यांचे जवळपास तेवढेच, बाकी हिरव्या गोष्टींचे मिळून पावणेदोन हजार. एकट्या दीड किलो तेलाचे साडेतेरा हजार! म्हणजे निम्मा हिशोब तेलाच्या डब्यात आहे. जो आचारी ‘अंदाजाने’ तेल ओततो, त्याच्या भरताचा आकडा काढण्यात अर्थ नाही. डबा आधी आणि नंतर तोला.

२०० ग्रॅम भरतात साधारण २६५ उष्मांक, सहा ग्रॅम प्रथिनं, १८ ग्रॅम कर्बोदकं आणि २० ग्रॅम स्निग्ध पदार्थ पडले. ८० ग्रॅम पिठाची कळण्याची भाकरी, चार भाग ज्वारी आणि एक भाग उडीद, आणखी २७० उष्मांक आणि दहाएक ग्रॅम प्रथिनं देते. भाच्याला हवी ती प्रथिनं भरतात कमी आणि कळण्यात जास्त निघाली. भरीत-पुरी असेल तर पुरीने पिलेलं तेल धरावंच लागतं. तळण्याआधीच्या आणि नंतरच्या कढईच्या वजनातला फरक पुऱ्यांच्या संख्येने भागला की पुरीमागचं तेल कळतं.

हे सगळे आकडे सरासरीचे. शंभर पाहुण्यांत शेतात राबणारा गडी तीनदा वाढून घेतो आणि लहान पोर चमचाभर खातं. म्हणून ‘ताटामागे’ सांगण्यापेक्षा ‘पळीमागे’ सांगा. वाढायची पळी एकदा भरून तोला. आमची शंभर ग्रॅमची निघाली, म्हणजे एका पळीत नऊ ग्रॅम कर्बोदकं. मामांनी दोन पळ्या घेतल्या, भाकरी अर्धी केली, आणि पुरीकडे पाहिलंही नाही.