समुद्रातील उलटा मनोरा

अन्नसाखळीतील प्रत्येक पायरीवरील जीवांची संख्या, वजन किंवा ऊर्जा एकावर एक मांडली असता होणारा मनोरा बहुधा तळाशी रुंद असतो. परंतु एका आंब्यावर हजारो किडे पोसले जातात. तेथे संख्येचा मनोरा उलटतो. समुद्रात वजनाचाही उलटा दिसतो. इंग्लिश खाडीत दर चौरस मीटरला वनस्पतींचे शुष्क वजन सुमारे ४ ग्रॅम, तर प्राण्यांचे २१ ग्रॅम आढळले. मग हे प्राणी खातात काय?

तेथील वनस्पती अतिसूक्ष्म असून झपाट्याने वाढतात आणि तितक्याच वेगाने खाल्ल्या जातात. ४ ग्रॅमांचा साठा दर दोन दिवसांनी नवा होतो असे धरल्यास महिन्यात ६० ग्रॅम अन्न निपजते. प्राणी त्यांहून पुष्कळ अधिक काळ जगतात. म्हणून त्यांचे वजन साठत जाते. जिवंत झऱ्याच्या विहिरीत पाणी थोडे दिसले, तरी उपसा दिवसभर चालतो, तसेच हे.

वजन हा त्या क्षणीचा साठा होय. ऊर्जेचा मनोरा वर्षभराचा ओघ मोजतो. प्रत्येक पायरीवर बरीच ऊर्जा उष्णतारूपाने निघून जात असल्याने तो उलटत नाही. शिक्षकांनी दोन्ही मनोरे फळ्यावर शेजारी काढून साठा व ओघ यांतील भेद मुलांकडून वदवून घ्यावा.