दोन पीपीटी, एकच नदी

माझं काम पूरकाळाच्या तयारीचं प्रशिक्षण देण्याचं. राहायला कराडला, म्हणजे कोयना आणि कृष्णा जिथे भेटतात तिथे. एका वर्षी मे महिन्यात नदीकाठच्या गावांतल्या स्वयंसेवकांसाठी एक शिबिर ठरलं. साताऱ्याच्या गटाने धरण आणि पाणलोटाची बाजू मांडायची, सांगलीच्या गटाने शहर आणि काठावरच्या गावांची. वेळ एका तासाची होती, म्हणून दोन्ही गटांच्या पीपीटी एकत्र करायचं काम माझ्याकडे आलं. साताऱ्याच्या 34 स्लाइड, सांगलीच्या 29. मी काय केलं, तर पहिलीच्या मागे दुसरी जोडली, रंग आणि अक्षरं सारखी केली, मुखपृष्ठ एक केलं. रात्री अकराला काम संपलं आणि मी निश्चिंत झोपले.

शिबिरात विसाव्या मिनिटापर्यंत सगळं ठीक चाललं. साताऱ्याच्या भागात कोयनेची साठवण 105.25 टीएमसी अशी आली होती. पुढे सांगलीच्या भागात तीच साठवण 2,980 दशलक्ष घनमीटर म्हणून आली. भिलवडीकडचे एक वयस्क शेतकरी उठले. म्हणाले, ‘‘ताई, मघाशी वेगळा आकडा होता. खरा कुठला धरायचा?’’ दोन्ही खरे होते. एक टीएमसी म्हणजे 28.3 दशलक्ष घनमीटर, गुणाकार केला की आकडा जुळतो. पण तो गुणाकार त्यांच्यासमोर उभं राहून मला करता आला नाही. त्यानंतर सभागृहाने एकाही आकड्यावर विश्वास ठेवला नाही. पुराच्या बाबतीत हे फार महाग पडतं. ज्या माणसाला आकड्याचा भरवसा नाही, तो रात्री दोन वाजता गोठ्यातली जनावरं सोडून वर न्यायला उठत नाही.

तेव्हापासून मी दोन पीपीटी एकत्र करताना आधी स्लाइडला हातच लावत नाही. त्या वर्षी दुसऱ्या शिबिराआधी मी जे केलं ते सविस्तर सांगते, कारण हे काम पुढे कोणावरही येऊ शकतं.

सगळ्या स्लाइड छापून घेतल्या. प्रत्येकीसाठी एक चिठ्ठी घेतली आणि तिच्यावर त्या स्लाइडचं म्हणणं एका पूर्ण वाक्यात लिहिलं. क्रियापद असलंच पाहिजे, हा नियम. ‘कोयना धरण’ हे म्हणणं नाही, ते नुसतं नाव आहे. ‘कोयनेत 105 टीएमसी पाणी मावतं, पण ऑगस्टमध्ये त्यातली मोकळी जागा फार थोडी उरते’ हे म्हणणं. ज्या स्लाइडचं असं वाक्य होईना, ती बाजूला. मुखपृष्ठं, आभार, गटांचे फोटो अशा 9 स्लाइड तिथेच गळल्या आणि 54 चिठ्ठ्या उरल्या. साताऱ्याच्या चिठ्ठ्या पिवळ्या, सांगलीच्या पांढऱ्या. हा रंग पुढे फार उपयोगी पडला.

मग जमिनीवर चिठ्ठ्या पसरून जोड्या लावल्या. इथेच माणूस चुकतो, आणि मीही चुकले. जोड्या शीर्षकावरून लावायच्या नसतात, वाक्यावरून लावायच्या असतात. दोन्हीकडे ‘2019 चा महापूर’ नावाची स्लाइड होती. पहिल्या फेरीत मी ती पुनरुक्ती समजून साताऱ्याची स्लाइड काढून टाकली आणि सांगलीची ठेवली, कारण तिच्यावर आयर्विन पुलाचा फोटो होता. त्या पुरात आयर्विनजवळ पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं, हे तिचं म्हणणं. दोन दिवसांनी साताऱ्याहून एका अभियंत्याचा फोन आला. ‘‘मॅडम, आमची सगळ्यात महत्त्वाची गोष्टच गेली की.’’ काढलेल्या स्लाइडचं म्हणणं असं होतं : धरणांच्या खाली जो पाऊस पडतो, तो कोणीच अडवत नाही; म्हणून कोयनेचे दरवाजे बंद असले तरी सांगलीत पाणी वाढू शकतं. नदीकाठच्या माणसाने एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल, तर ते हे. सारखं नाव पाहून मी नेमकं तेच पुसलं होतं.

म्हणून आता मी जोड्यांचे चार ढीग करते. म्हणणं एक आणि पुरावाही एक, तर चांगली आखलेली स्लाइड ठेवायची आणि दुसरी सोडायची. म्हणणं एक पण पुरावे वेगळे, तर दोन्ही पुरावे एका स्लाइडवर आणायचे. 2005, 2019 आणि 2021 च्या पुराच्या उंच्या अशाच एका तक्त्यात आल्या. नाव एक पण म्हणणं वेगळं, तर दोन्ही ठेवायच्या, शीर्षकं बदलायची आणि एकमेकींपासून लांब न्यायच्या. चौथा ढीग भांडणाचा : विषय एक, आकडे दोन. हा ढीग सुटल्याशिवाय पुढे जायचंच नाही.

माझ्या भांडणाच्या ढिगात चार जोड्या होत्या. त्यातली विसर्गाची जोडी सांगते. ‘धरणातून सोडलेलं पाणी’ म्हणून एकाच दिवसाचे दोन आकडे होते आणि दोन्ही गट आपापल्या आकड्यावर ठाम. दोघांशी एकाच फोनवर बोलले तेव्हा उलगडा झाला. कोयनेचं पाणी तीन वाटांनी बाहेर पडतं. वक्र दरवाज्यांतून आणि पायथा वीजगृहातून निघालेलं पाणी नदीत येऊन कराडमार्गे सांगलीला जातं. तिसरी वाट बोगद्यातून पश्चिमेला, पोफळीच्या वीजगृहाकडे. ते पाणी कोकणात उतरतं, सांगलीला येतच नाही. एका गटाने तिन्ही वाटांची बेरीज घेतली होती, दुसऱ्याने फक्त दरवाज्यांचा आकडा. समजा दरवाज्यांतून 10,000 क्युसेक आणि पायथा वीजगृहातून 2,100 क्युसेक सुटत असेल, तर सांगलीकरांच्या कामाचा आकडा 12,100. दोघांपैकी कोणाच्याच स्लाइडवर तो नव्हता. आकडे जुळत नसले की एक खरा आणि एक खोटा असं आपण धरून बसतो. बहुतेक वेळा दोघांनी मोजलेली गोष्टच वेगळी असते. म्हणून प्रत्येक आकड्याला चार प्रश्न विचारायचे : काय मोजलं, कुठे मोजलं, कधी मोजलं, कोणत्या एककात मोजलं.

एककाचा निर्णय ऐकणाऱ्याकडे पाहून करायचा. सांगलीत नदीची पातळी माणसं आयर्विनच्या फुटांत बोलतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे शाळेतलं पोरही सांगेल. तिथे समुद्रसपाटीपासूनचे मीटर दाखवणं म्हणजे परक्या भाषेत बोलणं. म्हणून साठवण टीएमसीत, विसर्ग क्युसेकमध्ये, पातळी फुटांत असं ठरवलं आणि बाकी सगळी एककं पीपीटीतून काढली.

काही भांडणं मात्र फोनवर सुटत नाहीत. अलमट्टीच्या फुगवट्याने सांगली बुडते का, यावर दोन स्लाइड दोन टोकांच्या होत्या. 2019 च्या पुरानंतर शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला दोष दिला नाही, पण काठावरच्या अनेकांना ते आजही पटत नाही. इथे पीपीटी जोडणाऱ्याने न्यायाधीश व्हायचं नसतं. दोन्ही मतं एका स्लाइडवर, कोण कशाच्या आधारे म्हणतं ते लिहून ठेवली आणि ती स्लाइड मागे, परिशिष्टात नेली. स्वयंसेवकाने त्या रात्री काय करायचं, ते या वादाने बदलत नव्हतं.

एवढं झाल्यावर 39 वेगळी म्हणणी उरली. आता क्रम. मी आधी सगळ्या पीपीटीचं मिळून एक वाक्य लिहिलं : ‘पाणी कुठून येतं ते ओळखा, आयर्विनचे फूट पाहा आणि आपल्या गल्लीचा आकडा येण्याआधी निघा.’ प्रत्येक चिठ्ठी या वाक्यापुढे धरली. जी त्याला काही जोडत नव्हती, ती परिशिष्टात. अशा 17 गेल्या, त्यात धरणाच्या बांधकामाचा इतिहासही गेला. 22 राहिल्या.

त्या 22 चिठ्ठ्या गटांच्या क्रमाने न लावता पाण्याच्या क्रमाने लावल्या. घाटमाथ्यावरचा पाऊस, धरणं, धरणांखालचा न अडवलेला पाऊस, कराडचा संगम, मग सांगली. पुढे हरिपूरचा संगम, कारण वारणा भरून वाहत असली की सांगलीतल्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही. शेवटी घर, गोठा, रस्ता. चिठ्ठ्यांकडे पाहिलं तर पिवळा आणि पांढरा रंग आलटून पालटून दिसत होता. आराखडा नीट विणला गेला की नाही, याची ही सोपी खूण आहे. पिवळ्या सगळ्या वर आणि पांढऱ्या सगळ्या खाली राहिल्या, तर दोन पीपीटी अजून दोनच आहेत असं समजावं.

आणखी एक तपासणी करते. फक्त शीर्षकं सलग मोठ्याने वाचते. पॉवरपॉइंटमध्ये Outline View उघडलं की ती एकाखाली एक दिसतात. शीर्षकं पूर्ण वाक्यांची असली की ती एखाद्या निवेदनासारखी वाचता येतात. जिथे ‘हे मघाशी म्हटलं’ असं वाटतं, तिथे पुनरुक्ती उरलेली असते. जिथे ‘मधेच हे कुठून आलं’ असं वाटतं, तिथे एखादं म्हणणं गळलेलं असतं. पहिल्या फेरीत हे वाचन केलं असतं, तर दरवाजे बंद असतानाही पाणी का वाढतं, ही फट मला दिसली असती.

स्लाइड काढली की माणूस दुखावतो, हेही मी शिकले. त्या स्लाइडवर कोणाच्या तरी रात्री गेलेल्या असतात. म्हणून त्या दुसऱ्या शिबिरापासून सोबत एक तक्ता करते : मूळ स्लाइडचा क्रमांक, तिचं म्हणणं, आणि पुढे एकच शब्द : ठेवली, मिसळली, परिशिष्टात किंवा वगळली. वगळली असेल तर कारण एका ओळीत. हा तक्ता दोन्ही गटांना शिबिराच्या किमान चार दिवस आधी पाठवते. त्या अभियंत्याचा फोन आला तो या तक्त्यामुळेच, आणि तो वेळेवर आला म्हणून ती स्लाइड परत घेता आली.

दुसऱ्या शिबिरात भिलवडीकडचे तेच शेतकरी आले होते. शेवटी त्यांनी वहीतलं एक वाक्य वाचून दाखवलं, नीट लिहिलंय का ते विचारायला. ‘दरवाजे बंद असले तरी पाणी वाढू शकतं.’ मी म्हटलं, ‘‘काका, अगदी बरोबर.’’